कलांचो पुन्हा फुलवायचा तर रात्र काळोखी हवी

ताईच्या गॅलरीतला कलांचो आणि माझ्याकडचा कलांचो एकाच झाडाचे. तिने एका जानेवारीत नाशिकच्या गंगापूर रोडच्या नर्सरीतून लाल फुलांनी गच्च भरलेली कुंडी आणली होती. मार्च संपता संपता फुलं वाळली, तेव्हा मी शेंडे खुडून चार काड्या लावल्या. चारही जगल्या. दोन तिला दिल्या, दोन मी ठेवल्या. पुढच्या जानेवारीत माझ्या दोन्ही कुंड्यांवर फुलांचे झुबके होते आणि तिच्याकडे नुसती पानं. पानं मात्र अशी तजेलदार, जाडजूड आणि हिरवीगार, की माझी झाडं त्यांच्यापुढे किरकोळ दिसावीत.

ताई म्हणाली, "मी तर तुझ्यापेक्षा जास्त खत घातलं गं. दर पंधरा दिवसांनी न चुकता."

खताचा मुद्दा पुढे येईलच. पण खरं कारण मला तिच्या गॅलरीत संध्याकाळी चहा पिताना दिसलं. तिची गॅलरी रस्त्याच्या बाजूची. समोर महापालिकेचा एलईडी दिवा, पार सकाळपर्यंत जळणारा. वर आकाशकंदिलाचा हूक. तो कंदील वसुबारसेला लागतो आणि तुळशीचं लग्न, त्रिपुरी पौर्णिमा होईपर्यंत रोज रात्रभर उजळत राहतो. आणि त्याच्या बरोबर खाली कलांचोच्या कुंड्या. माझी गॅलरी मागच्या बाजूची, पुढे मोकळा प्लॉट. सूर्य मावळला की तिथे मिट्ट काळोख. मी वेगळं काहीच केलं नव्हतं.

कलांचोला फुलायला लावते ती लांब आणि अखंड काळोखी रात्र. बाकीचं सगळं, ऊन, पाणी, खत, झाड तब्येतीत ठेवायला लागतं. पण रात्र मोडली तर त्यातलं काहीच फूल आणू शकत नाही.

आता हे असं का, ते बघू.

काही झाडं वर्षाचा कोणता काळ चालू आहे ते दिवस-रात्रीच्या लांबीवरून ओळखतात. शेवंती तशीच, कलांचोही तसाच. पुस्तकं यांना लहान दिवसाची झाडं म्हणतात. नाव थोडं फसवं आहे, कारण झाड मोजतं ते दिवसाला नव्हे, रात्रीला. १९३८ साली अमेरिकेत दोन शास्त्रज्ञांनी काटेरी फळांच्या एका तणावर हे दाखवून दिलं. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला तर झाडाला काही फरक पडला नाही. लांब रात्रीच्या मध्ये मात्र थोडा वेळ दिवा लावला, तर फुलं आलीच नाहीत. कलांचोचं वागणं तेच. चौदा तासांची रात्र मधोमध काही मिनिटांच्या उजेडाने तोडली, तर झाडाच्या लेखी ती दोन छोट्या रात्री होतात.

हे मोजमाप पानात चालतं. पानांत फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, त्याची दोन रूपं. उजेड पडला, विशेषतः त्यातला लाल भाग, की ते एका रूपात जातं. काळोखात हळूहळू दुसऱ्या रूपात परतायला लागतं. जोडीला झाडाचं स्वतःचं आतलं घड्याळ असतं. घड्याळ ज्या वेळेला काळोखाची अपेक्षा करतं, त्या वेळेला रंगद्रव्य 'उजेड आहे' असं सांगत असेल, तर पान गप्प बसतं. रात्र पुरेशी लांब गेली, तर पानात एक निरोप तयार होतो आणि देठातून शेंड्यापर्यंत पोचतो. शेंडा तोपर्यंत पानं घडवत असतो, तो कळ्या घडवायला लागतो. म्हणून शेंडा झाकून काही होत नाही. झाकायची ती पानं, म्हणजे अख्खं झाड.

कलांचोची सीमारेषा साधारण बारा तासांची. दिवस बाराहून लहान आणि रात्र बाराहून मोठी झाली की त्याची पावलं फुलांकडे वळतात. पण काठावर थांबण्यात अर्थ नाही. रोज चौदा तास काळोख दिला तर काम पक्कं होतं, म्हणून हरितगृहवालेही तेवढाच धरतात.

इथे नाशिकचं गणित फार सोयीचं आहे. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला वीस अंशांवर. कलांचोचं मूळ गाव मादागास्कर, ते दक्षिणेला साधारण बारा ते पंचवीस अंशांच्या मध्ये. म्हणजे दिवस-रात्रीचा जेवढा चढउतार त्याच्या रानात होतो, तेवढाच जवळपास इथेही होतो, फक्त महिने उलटे. जूनच्या अखेरीला आपला दिवस सुमारे तेरा तास वीस मिनिटांचा असतो, डिसेंबरअखेरीला अकरा तासांना पाचेक मिनिटं कमी. ऑक्टोबरच्या मध्यावर तो पावणेबारा तासांपर्यंत आलेला असतो. त्यात सकाळ-संध्याकाळचा संधिप्रकाश झाड दिवसातच धरतं, त्यामुळे खरी लांब रात्र सुरू होते ती नोव्हेंबरात. म्हणून ज्या गॅलरीत रात्री दिवा पोचत नाही, तिथे कलांचो आपसूक फुलतो, जानेवारी-फेब्रुवारीत. माझ्याकडे तेच झालं होतं.

परदेशी व्हिडिओंत कपाटात ठेवा, खोक्यात ठेवा असं सांगतात, ते यासाठी की तिकडे थंडीत झाड घरात, दिव्याखाली असतं आणि त्यांना फुलं नाताळाला हवी असतात. आपल्याकडे खोक्याची गरज पडते ती रस्त्याच्या दिव्यामुळे, हॉलच्या ट्यूबलाइटमुळे आणि आकाशकंदिलामुळे.

आपल्या जागी काळोख पुरेसा आहे का, ते तपासायला यंत्र लागत नाही. रात्री दहा वाजता घरातले दिवे मालवून कुंडीजवळ उभं राहायचं आणि हाताचा पंजा पानांवर धरायचा. सावली स्पष्ट पडली, किंवा पेपरातली बातमी वाचता आली, तर उजेड जास्त आहे. चांदण्याची काळजी नको, कोजागिरीच्या चंद्राने काही बिघडत नाही. ताईच्या गॅलरीत तर औषधाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचता येत होती.

मग आम्ही ठरवलं की तिची एक कुंडी झाकायची आणि दुसरी होती तशीच ठेवायची, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसेल.

खोकं घेतलं ते घरातलंच, मिक्सरचं. झाडापेक्षा चार-पाच बोटं उंच आणि रुंद, म्हणजे पानं घासली जाणार नाहीत. उचलायला असलेली भोकं आणि तळाची फट आतून काळ्या चिकटपट्टीने बंद केली. खोकं दुपारी उन्हात उलटं धरून आत डोकावून बघायचं. कुठे उजेडाची रेघ दिसली की तिथे आणखी एक पट्टी. प्लॅस्टिकची काळी पिशवी मात्र मी वापरू दिली नाही. आत दमटपणा साठतो, सकाळी पानं ओली सापडतात आणि मग त्यांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, धरते. द्राक्षवाल्यांच्या जिल्ह्यात भुरी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. कलांचोला ती लवकर लागते.

१५ ऑक्टोबरला सुरुवात केली. संध्याकाळी सहाला खोकं ठेवायचं, सकाळी आठला काढायचं, हे चौदा तास. ऑक्टोबरात उन्हाची काहिली असते, त्यामुळे संध्याकाळी पश्चिमेचं ऊन खोक्यावर पडू देऊ नका. आत उकाडा साठला तर काळोख मिळूनही कळ्या रेंगाळतात. रात्री पंधरा ते वीस अंशांपर्यंत उतरणारं तापमान त्याला सगळ्यात मानवतं, आणि नाशिकला ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून ते तसं उतरू लागतं.

दिवसाचे दहा तास मात्र भरपूर उजेड हवा. सकाळचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन मिळालं तर उत्तम. हे ठळकपणे सांगते, कारण 'अंधारात ठेवायचं' एवढंच ऐकून आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी झाड दीड महिना बंद कपाटात ठेवलं होतं. बाहेर काढलं तेव्हा देठ पांढुरके, लांबुळके झालेले आणि खालची पानं गळालेली. रात्र झाडाला फक्त वेळ सांगते. कळ्या बांधायला लागणारं अन्न दिवसाच्या उजेडातच तयार होतं.

रात्री किती हव्यात? कळीची पहिली चाहूल कमी रात्रींतही लागते, पण भरगच्च झुबका हवा असेल तर सहा आठवडे धरा, बेचाळीस रात्री. रात्र चुकली तर काय, हा प्रश्न ताईने तिसऱ्याच दिवशी विचारला, कारण त्या संध्याकाळी ती लग्नाला गेली होती आणि खोकं तसंच राहिलं. कलांचोच्या बाबतीत उत्तर जरा कडक आहे. उजेडाने मोडलेली रात्र नुसती वाया जात नाही, एक-दोन चांगल्या रात्रींची कमाईही ती पुसून टाकते. एखादी चुकली तर शेवटी दोन-तीन रात्री वाढवाव्यात. दर शनिवार-रविवारी चुकत असेल तर झाड अर्धवट तयार होतं. अशा झाडाचा फुलोरा बघण्यासारखा असतो, वाईट अर्थाने: दांडा वर येतो, पण त्यावर कळ्यांच्या जागी इवली इवली पानं फुटतात आणि फुलं चार-दोनच.

आम्ही तीन रात्री वाढवल्या आणि गजर लावला.

आता खत आणि विश्रांती. इथे आपल्या भागात एक गैरसमज सहज होतो. सटाणा-मालेगावकडे डाळिंबाला ताण देतात हे आपण ऐकून असतो. पाणी तोडायचं, पानगळ करायची, मग बहार धरायचा. त्यावरून वाटतं की कलांचोलाही उपाशी-तहानलेलं ठेवलं की फुलं येतील. तसं होत नाही. दिव्याखाली ठेवून कितीही ताण द्या, कलांचो सुकेल, फुलणार नाही. उलट हरितगृहवाले लांब रात्रीच्या काळातही बेताचं खत देतात आणि त्यांची झाडं फुलतात. खत बंद करणं हे फुलाचं कारण नाही.

मग घरी बंद का ठेवायचं? कारण घरी आपला हात सैल असतो आणि बहुतेक वेळा आपण देतो ते नत्रच. नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं १९:१९:१९ खत असो, शेणखत असो की गांडूळखत, झाड नत्र मिळालं की पानं आणि मऊ फांद्या वाढवतं. ताईच्या त्या तजेलदार पानांचं गुपित हेच होतं. अशी लुसलुशीत वाढ मावा आणि भुरीला निमंत्रण देते, दांडे लांब होऊन कलतात आणि कळ्या बांधायच्या काळात झाडाची ताकद पानांत जाते. शिवाय थंडीत पाणी कमी लागतं, वाढ मंद असते, त्यामुळे न वापरलेल्या खताचे क्षार कुंडीत साठतात. कुंडीच्या काठावर पांढरी पापुद्र्यासारखी रेघ दिसली तर समजा तेच झालंय.

म्हणून जून ते सप्टेंबर, वाढीच्या काळात, १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून पूर्ण बंद. लांब रात्रींचे सहा आठवडे खताला सुट्टी. बारीक कळ्या डोळ्यांना दिसल्या की पुन्हा सुरू करा, अर्ध्या मात्रेने. काही जण तेव्हा नत्र नसलेलं ०:५२:३४ देतात. चालेल, पण कळ्या आल्यात त्या त्यामुळे नव्हेत.

पाण्याचंही तसंच. माती वरून दोन बोटं कोरडी झाली की द्यायचं, खालून निथळेपर्यंत, आणि बशीतलं पाणी ओतून टाकायचं. पान मांसल आहे, त्यात साठा असतो. पाणी हवंय का ते पान सांगतं: खालचं पान दोन बोटांत हलकं दाबा, कडक लागलं तर अजून थांबा, किंचित मऊ आणि वाकतं झालं असेल तर द्या. पान पिवळं, पारदर्शक आणि देठापाशी बुळबुळीत असेल, तर ती तहान नव्हे, मूळ कुजायला लागलंय. या दोन मऊपणांतला फरक ओळखता आला की निम्मी झाडं वाचतात.

खोकं ठेवायला लागून महिना झाला तेव्हा ताईचा फोन आला, "अगं, वरची पानं बारीक यायला लागलीत. काही रोग तर नाही?" मी जाऊन बघितलं. शेंड्याची नवी जोडी खालच्या पानांच्या निम्मीही नव्हती, अरुंद, कड जवळजवळ सरळ. दोन जोड्यांमधला देठ मात्र लांबला होता, जणू शेंड्याने मान वर काढलीय. आणि त्या चिमुकल्या पानांच्या बेचक्यात, नीट वाकून बघितलं तर, मोहरीच्या दाण्याहून लहान हिरव्या गाठींचा पुंजका. झाडाची बाजू पलटली ती हीच खूण. शेजारच्या न झाकलेल्या कुंडीत शेंडा बसकाच होता, नवी पानं जुन्याएवढीच मोठी, बेचक्यात काही नाही.

दांड्यांवर कळ्या स्वच्छ दिसायला लागल्या आणि बेचाळीस अधिक तीन रात्री झाल्या, तेव्हा नोव्हेंबरच्या अखेरीला आम्ही खोकं काढून टाकलं. यानंतर दिव्याचं पथ्य नाही. कळ्या बांधल्या गेल्यावर झाड हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली ठेवलं तरी त्या फुलणारच. आता सांभाळायची ती थंडी. डिसेंबरात नाशिकला पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर आणखी बराच. दहाच्या खालचा गारठा कलांचोला सोसत नाही, पानांवर पाणी भरल्यासारखे डाग पडतात. अशा रात्री कुंडी दाराच्या आत घ्या. थंडीने कळ्या उमलायलाही वेळ लागतो, त्यामुळे डिसेंबरात कळ्या आठवडाभर जागच्या जागी दिसल्या तर घाबरू नका.

ताईच्या झाकलेल्या कुंडीत नाताळाच्या सुमाराला कळ्यांच्या टोकाला लाल रंग दिसला आणि संक्रांतीला पहिली फुलं उमलली. सुरुवातीपासून तेरा आठवडे. उबदार जागी हे दहा-अकरा आठवड्यांतही होतं. दिव्याखालच्या कुंडीला फुलं आली नाहीत.

कोणाला दिवाळीलाच फुलं हवी असतील तर मागे मोजत जावं लागेल, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीपासून खोकं. तेव्हा सूर्य सातनंतर मावळतो, म्हणून सहाला खोकं ठेवताना बाहेर लख्ख उजेड असेल. पावसाळी दमट हवा, त्यात झाकलेलं झाड आणि ढगाळ दिवस, म्हणजे ऊन अपुरं आणि भुरीचा धोका दुप्पट. मी एकदा करून पाहिलं. फुलं आली, पण झुबका विरळ होता. संक्रांतीची फुलं मला जास्त प्रामाणिक वाटतात, ती नाशिकच्या हवेला धरून येतात.

फुलं आली की एक गोष्ट जरूर बघा. चार पाकळ्यांचं ते फूल दिवसा उघडतं आणि रात्री मिटायला लागतं. शास्त्रज्ञांनी ही फुलं खुडून सतत काळोखात ठेवून पाहिली; उजेडाचा इशारा नसतानाही ती कित्येक दिवस साधारण दिवसाच्या तालावर उघडत-मिटत राहिली. बेचाळीस रात्री आपण खोकं ठेवत होतो, तेव्हा पानात चालणारं घड्याळ ते याच जातीचं.

फुलं पाच-सहा आठवडे टिकतात. वाळली की प्रत्येक दांडा खाली आणून चांगल्या मोठ्या पानांच्या पहिल्या जोडीच्या वर कापा. त्यानंतर महिनाभर खरी विश्रांती: पाणी कमी, खत शून्य, भर उन्हातून बाजूला. नर्सरीतून आणलेलं झाड पहिल्यांदा फुलून गेल्यावर अचानक उंच, ढेंगाळ वाढायला लागतं, त्याने गोंधळू नका. बहुतेकदा विक्रीसाठी त्याला वाढ आखडणारं औषध दिलेलं असतं, त्याचा असर संपला की झाड आपल्या मूळ अंगावर येतं. जूनमध्ये शेंडे खुडले की ते पुन्हा गोलसर होतं. खुडलेले शेंडे तीन-चार बोटं लांबीचे घेऊन दोन दिवस सावलीत सुकू द्या, कापलेली जागा बंद झाली की वाळू मिसळलेल्या मातीत खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. सप्टेंबरनंतर मात्र शेंडे खुडू नका, कळ्या तिथेच यायच्या असतात.

ताईने पुढच्या वर्षी खोकंसुद्धा ठेवलं नाही. तिने दोन्ही कुंड्या दसऱ्यानंतर मागच्या बेडरूमच्या खिडकीच्या कठड्यावर हलवल्या. तिथे रस्ता नाही आणि त्या खोलीत रात्री दिवा लागत नाही. आकाशकंदील पुढच्या गॅलरीत जिथे होता तिथेच राहिला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही कुंड्या फुलल्या.